दहाचे दान, अकराचे दान

तीन फासे एकदम टाकले की वर आलेल्या ठिपक्यांची बेरीज ३ पासून १८ पर्यंत काहीही येऊ शकते. ३ यायचे तर तिन्ही फाशांवर एकेकच ठिपका दिसावा लागतो आणि १८ यायचे तर तिन्हींवर सहा. अशी टोकाची दाने क्वचितच पडतात. ९, १०, ११ आणि १२ ही मधली दाने मात्र पुन्हा पुन्हा पडतात. त्यातही १० आणि ११ सर्वांत जास्त वेळा पडतात, आणि दोन्ही अगदी सारख्याच प्रमाणात. ९ आणि १२ त्यांच्या किंचित मागे असतात. हा फरक इतका बारीक आहे की एका बैठकीत तो कुणाच्या लक्षात येणार नाही. तरी इटलीतल्या जुगाऱ्यांना तो सतराव्या शतकात जाणवला होता, आणि त्याचे कारण शोधायचे काम गॅलिलिओवर येऊन पडले.

गॅलिलिओ १६१० पासून फ्लोरेन्समध्ये तस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा गणिती होता. फाशांवर त्याने चार पानांचे एक छोटे टिपण लिहिले. ते आपण कुणाच्या तरी आज्ञेवरून लिहीत आहोत, असे तो सुरुवातीलाच सांगतो. ही आज्ञा ड्यूकचीच असावी असे इतिहासकार मानतात. हे टिपण त्याच्या हयातीत छापले गेले नाही. ते १७१८ मध्ये त्याच्या समग्र लेखनात आले. त्यातला प्रश्न असा: ९ ची बेरीज तीन आकड्यांतून जितक्या प्रकारे होते, तितक्याच प्रकारे १० चीही होते. मग फार दिवस खेळलेले लोक ९ पेक्षा १० वर पैसे लावणे फायद्याचे का मानतात?

प्रश्नात तथ्य होते. एका कागदावर १० च्या जोडण्या लिहून पाहिल्या तर त्या सहाच निघतात. आधी मोठा आकडा, मग त्याच्याहून लहान किंवा तेवढाच, या शिस्तीने लिहिले की एकही सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. सहापासून सुरुवात केली की ६-३-१ आणि ६-२-२ मिळतात. पाचपासून ५-४-१ आणि ५-३-२. चारपासून ४-४-२ आणि ४-३-३. तीनपासून सुरुवात केली तर मोठ्यात मोठी बेरीज ३-३-३ म्हणजे ९ च होते, तेव्हा यादी इथेच संपते.

११ साठी याच रीतीने ६-४-१, ६-३-२, ५-५-१, ५-४-२, ५-३-३ आणि ४-४-३ अशा सहा जोडण्या मिळतात. ९ साठीही सहाच: ६-२-१, ५-३-१, ५-२-२, ४-४-१, ४-३-२ आणि ३-३-३. १२ साठीही सहाच: ६-५-१, ६-४-२, ६-३-३, ५-५-२, ५-४-३ आणि ४-४-४. चारही बेरजांना सहा-सहा जोडण्या आहेत, म्हणून चौघींची शक्यता सारखीच असली पाहिजे, असे कुणालाही वाटेल. इथेच चूक होते. जोडण्या बरोबर मोजल्या आहेत, पण प्रत्येक जोडणी पडण्याची शक्यता सारखीच आहे असे गृहीत धरले गेले आहे, आणि ते खरे नाही.

दोन फाशांवर ही चूक अधिक स्पष्ट दिसते. दोन फाशांची बेरीज १२ यायला ६-६ ही एकच जोडणी आहे आणि ११ यायला ६-५ ही एकच. तेव्हा दोन्ही दाने सारखीच सोपी, असे लाइब्निट्ससारख्या माणसानेही लिहून ठेवले आहे. कलनशास्त्र उभे करणाऱ्याच्या हातून झालेली ही चूक सामान्य वाचकाला धीर देणारी आहे. आता एक फासा लाल आणि दुसरा पांढरा आहे असे समजावे. १२ येण्यासाठी लाल सहा आणि पांढरा सहा, एवढा एकच मार्ग. ११ साठी मात्र लाल सहा आणि पांढरा पाच चालतो, तसा लाल पाच आणि पांढरा सहाही चालतो. म्हणजे ११ चे दान १२ च्या दुप्पट वेळा पडणार.

यावर लगेच एक आक्षेप येतो. डब्यातले दोन्ही फासे पांढरेच असतील आणि डोळ्यांना त्यांच्यात काही फरक दिसत नसेल, तर ६-५ आणि ५-६ वेगळे का मोजायचे? याचे उत्तर गणितापेक्षा व्यवहारात लवकर मिळते. दोन पांढऱ्या फाशांपैकी एकाच्या कडेला शाईचा बारीक ठिपका लावला तर त्यांच्या पडण्यात काही फरक पडेल का? नाही. फासा टेबलावर घरंगळतो तो त्याच्या वजनाने, कडांनी आणि हाताच्या झटक्याने. रंग कुणाचा कोणता हे त्याला ठाऊक नसते. रंगीत फाशांवर ११ दुप्पट पडत असेल तर पांढऱ्यांवरही दुप्पटच पडणार. पाहणाऱ्याला फरक ओळखता येत नाही, पण फासे दोन आहेत ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

आता तीन फासे घ्यावेत: लाल, पांढरा आणि निळा. लालवर सहांपैकी कोणताही आकडा येऊ शकतो. त्याच्या प्रत्येक आकड्यासोबत पांढऱ्याचे सहा आणि त्या प्रत्येक जोडीसोबत निळ्याचे सहा. सहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे २१६ मांडण्या झाल्या. फासे खरे असतील तर या २१६ मांडण्यांपैकी प्रत्येकीची शक्यता सारखीच असते. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

६-३-१ ही जोडणी हातात घेतली तर तिन्ही आकडे वेगळे आहेत. ६ लालवर असेल तर उरलेले ३ आणि १ पांढऱ्या-निळ्यावर दोन प्रकारे बसतात. ६ पांढऱ्यावर असला तरी दोन प्रकारे आणि निळ्यावर असला तरी दोन प्रकारे. म्हणजे ६-३-१ च्या सहा मांडण्या झाल्या. ६-२-२ मध्ये दोन आकडे सारखे आहेत. इथे ६ कोणत्या फाशावर पडला एवढाच प्रश्न उरतो, म्हणून मांडण्या तीनच. ३-३-३ सारख्या तिळ्या दानाला तर एकच मांडणी, कारण तिन्ही फाशांवर तीनच पडायला हवा. सहा, तीन आणि एक, एवढे तीन आकडे लक्षात ठेवले की बाकी नुसती बेरीज उरते.

१० च्या यादीत ६-३-१, ५-४-१ आणि ५-३-२ या तीन जोडण्यांत तिन्ही आकडे वेगळे आहेत. त्यांच्या सहा-सहा प्रमाणे अठरा मांडण्या होतात. ६-२-२, ४-४-२ आणि ४-३-३ यांत एक जोडी सारखी आहे, त्यांच्या तीन-तीन प्रमाणे नऊ. अठरा आणि नऊ मिळून २७. ११ च्या यादीतही वेगळ्या आकड्यांच्या तीनच जोडण्या आहेत: ६-४-१, ६-३-२ आणि ५-४-२. सारख्या जोडीच्याही तीनच: ५-५-१, ५-३-३ आणि ४-४-३. पुन्हा अठरा अधिक नऊ, म्हणजे २७.

९ च्या यादीत ६-२-१, ५-३-१ आणि ४-३-२ यांच्या अठरा मांडण्या होतात. सारख्या जोडीच्या मात्र ५-२-२ आणि ४-४-१ अशा दोनच जोडण्या आहेत, त्यांच्या सहा. सहावी जोडणी ३-३-३ ही तिळी आहे आणि तिची मांडणी एकच. एकूण २५. १२ चेही तसेच आहे, तिथे ४-४-४ आडवी येते. १० आणि ११ ला तिळी नाही, कारण तीन सारख्या आकड्यांची बेरीज नेहमी तीनच्या पटीत येते. ९ आणि १२ च्या वाट्याला तिळी येते, आणि सारख्या जोडीचे दान जिथे तीन मांडण्या देते तिथे ती एकच देते. म्हणून दोन मांडण्या कमी पडतात. जुगाऱ्यांना जाणवलेला फरक तो एवढाच.

या मोजणीची एक सोपी परीक्षा आहे. तीन फाशांच्या सगळ्या जोडण्या क्रम न धरता मोजल्या तर त्या ५६ भरतात. त्यात ६ तिळ्या, ३० सारख्या जोडीच्या आणि २० तिन्ही आकडे वेगळे असलेल्या. ६ ला एकने, ३० ला तीनने आणि २० ला सहाने गुणून बेरीज केली की ६, ९० आणि १२० मिळून बरोबर २१६ होतात. शक्यतांचा हिशेब करणाऱ्याने ही बेरीज आधी जुळवून पाहावी. ती जुळली नाही तर कुठेतरी एखादी जोडणी सुटलेली किंवा दोनदा मोजलेली असते.

याद्या न करताही तोच आकडा दुसऱ्या वाटेने काढता येतो, आणि मधल्या बेरजा जास्त वेळा का पडतात हे त्या वाटेने अधिक चांगले समजते. आधी लाल आणि पांढरा असे दोनच फासे पाहावेत. त्यांची बेरीज २ यायला एक मांडणी, ३ ला दोन, ४ ला तीन, असे चढत ७ ला सहा मांडण्या होतात. तिथून उतार लागतो: ८ ला पाच, ९ ला चार, १० ला तीन, ११ ला दोन आणि १२ ला एक. निळा फासा या बेरजेत १ ते ६ यांपैकी एक आकडा टाकतो. तिघांची बेरीज १० यायची तर पहिल्या दोघांची बेरीज ४ ते ९ यांच्या दरम्यान असली पाहिजे, कारण उरलेले एक ते सहा ठिपके निळा पुरवतो. ४ ते ९ च्या मांडण्या म्हणजे तीन, चार, पाच, सहा, पाच आणि चार, एकूण २७.

९ साठी हीच सहा घरांची चौकट एक घर मागे सरकते. पहिल्या दोघांची बेरीज ३ ते ८ असावी लागते आणि मांडण्या होतात दोन, तीन, चार, पाच, सहा आणि पाच, म्हणजे २५. ९ वरून १० वर येताना चौकटीतून ३ चे घर बाहेर पडते, ज्यात दोन मांडण्या होत्या, आणि ९ चे घर आत येते, ज्यात चार आहेत. दोनचा फायदा होतो. १० वरून ११ वर जाताना ४ चे घर सुटते आणि १० चे घर मिळते. दोन्हींत तीन-तीनच मांडण्या आहेत, म्हणून काही कमावले नाही, गमावलेही नाही. १२ वर गेले की ५ च्या घरातल्या चार मांडण्या जातात आणि ११ च्या घरातल्या दोनच मिळतात. चढाचे शिखर अशा तऱ्हेने १० आणि ११ या दोन घरांवर सपाट पसरते.

१० आणि ११ बरोबरीने का पडावेत, याचे याहून सुंदर उत्तर फाशाच्या घडणीतच आहे. नेहमीच्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते: एकच्या मागे सहा, दोनच्या मागे पाच, तीनच्या मागे चार. तीन फासे टेबलावर पडले आणि वर ६, ३, १ दिसत असतील तर खाली टेबलाला चिकटलेले आकडे १, ४, ६ असतात. वरची बेरीज १०, खालची ११. कुठल्याही दानात वरची आणि खालची बेरीज मिळून नेहमी २१ च होते. म्हणून १० चे प्रत्येक दान खालून पाहिले की ११ चे दान असते आणि ११ चे प्रत्येक दान खालून १० चे. दोघांची मोजणी वेगळी करायची गरजच उरत नाही, एक मोजली की दुसरी आपोआप मिळते. याच कारणाने ९ आणि १२, ८ आणि १३, अशा साऱ्या जोड्या सारख्या निघतात. गॅलिलिओच्या तक्त्यात म्हणूनच ३ ते १० एवढ्याच बेरजा आहेत. त्यांच्या मांडण्या अनुक्रमे १, ३, ६, १०, १५, २१, २५ आणि २७ असून बेरीज १०८ होते. उरलेल्या अर्ध्या १०८ ची प्रतिकृती.

इटलीत त्या काळी ‘पास्सादिएची’ नावाचा खेळ लोकप्रिय होता. नावाचा अर्थ ‘दहा ओलांडणे’. तीन फाशांची बेरीज दहाच्या वर गेली तर एक पक्ष जिंकतो, दहा किंवा त्याखाली राहिली तर दुसरा. ३ ते १० मध्ये १०८ आणि ११ ते १८ मध्ये १०८, तेव्हा हा खेळ नाणेफेकीइतकाच निर्दोष आहे. ज्याने कुणी सीमा दहा आणि अकराच्या मध्ये ठेवली त्याला हिशेब येत होता की अनुभव, हे सांगता येत नाही. पण सीमा अगदी नेमकी बसली आहे.

ही मोजणी करणारा गॅलिलिओ पहिला नव्हता. तेराव्या शतकातल्या ‘दे वेतुला’ या लॅटिन काव्यात तीन फाशांच्या ५६ जोडण्या आणि २१६ मांडण्या दोन्ही दिल्या आहेत. मिलानचा वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्दानो यानेही सोळाव्या शतकात जुगारावर एक पुस्तक लिहिले. तो स्वतः पट्टीचा जुगारी होता. त्याच्या पुस्तकात १० आणि ११ ला सत्तावीस, ९ आणि १२ ला पंचवीस हे आकडे येतात. कार्दानो १५७६ मध्ये वारला आणि पुस्तक छापले गेले १६६३ मध्ये. लिहून पडून राहिलेल्या कागदांचा कुणाला उपयोग झाला नाही, म्हणून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा नव्याने सोडवावा लागला.

आता शक्यतांची तुलना करता येते. १० चे दान पडण्याची शक्यता २१६ मध्ये २७, म्हणजे बरोबर आठात एक किंवा १२.५ टक्के. ११ चीही तेवढीच. दोहोंपैकी कोणतेही एक पडण्याची शक्यता २१६ मध्ये ५४, म्हणजे बरोबर चारात एक. सोळा बेरजांपैकी दोनच बेरजा एक चतुर्थांश दाने खाऊन टाकतात. ९ ची शक्यता २१६ मध्ये २५, म्हणजे सुमारे ११.६ टक्के. १० आणि ९ मधला फरक एका टक्क्याहूनही थोडा कमी आहे. २१६ वेळा फासे टाकले तर सरासरीने १० सत्तावीस वेळा आणि ९ पंचवीस वेळा दिसेल.

सरासरीने, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात फासे टाकायला बसले तर आकडे असे गुण्यागोविंदाने येत नाहीत. हजार दाने टाकली तर १० चे दान सुमारे १२५ वेळा आणि ९ चे सुमारे ११६ वेळा अपेक्षित असते. म्हणजे १० साधारण नऊ दानांनी पुढे असायला हवा. पण निव्वळ योगायोगाने या फरकात पंधरा-सोळा दानांची चढउतार सहज होते. त्यामुळे हजार दानांच्या चार बैठका केल्या तर त्यातल्या एखाद्या बैठकीत ९ च पुढे निघण्याची शक्यता चांगलीच असते. शंभर दानांत तर निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

खात्री वाटायला किती दाने लागतील? दाने वाढली की अपेक्षित फरक त्याच प्रमाणात वाढतो, पण योगायोगाची चढउतार त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सावकाश वाढते. दाने चौपट केली तर फरक चौपट होतो आणि चढउतार दुप्पटच. फरक चढउतारीच्या दुप्पट व्हावा अशी अपेक्षा ठेवली तर सुमारे ११,००० दाने टाकावी लागतात. इतक्या दानांनंतर १० साधारण शंभर दानांनी पुढे असतो आणि चढउतार पन्नासेक दानांची असते. तेव्हाही ९ पुढे राहण्याची शक्यता चाळीसात एकाच्या आसपास उरतेच.

अकरा हजार हा आकडा मोठा वाटतो. पण वीस सेकंदांना एक दान धरले तर तो एकसष्ट तासांचा खेळ होतो. रोज दोन तास बसणाऱ्या माणसाला महिनाभर पुरेल एवढाच. फासे हाच ज्यांचा उद्योग होता त्यांच्या वर्षभरात अशी अनेक अकरा हजार दाने पडून जात असणार. तेव्हा ‘फार दिवसांच्या निरीक्षणाने’ त्यांना १० चा फायदा कळला, हे गॅलिलिओचे म्हणणे बढाईचे वाटत नाही. मात्र नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवून हे कळणे कठीण आहे; पैशाचा जमाखर्च डोक्यात ठेवणाऱ्यालाच ते कळले असेल.

या सगळ्या हिशेबाला एक अट आहे: फासे खरे असले पाहिजेत. सारीपाटाचे लांबट फासे चारच बाजूंवर पडतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. लुडोच्या डब्यातले फासे सहा बाजूंचे असतात खरे, पण ठिपके कोरून काढलेले असतात. सहाच्या बाजूला सहा खड्डे आणि तिच्या समोरच्या एकच्या बाजूला एकच खड्डा, म्हणजे सहाची बाजू किंचित हलकी होते आणि वर येण्याकडे तिचा कल राहतो. कसिनोतल्या फाशांचे ठिपके म्हणूनच फाशाच्याच घनतेच्या पदार्थाने भरून सपाट केलेले असतात.

फासा एका बाजूला झुकता असेल तर १० आणि ११ ची बरोबरी मोडते. मुद्दाम अतिशयोक्तीचे उदाहरण घ्यावे: तिन्ही फाशांवर सहा हा आकडा इतर प्रत्येक आकड्याच्या दुप्पट वेळा पडतो. मग एकच सहा असलेल्या प्रत्येक जोडणीचे वजन दुप्पट धरावे लागते आणि एकूण मांडण्या सात गुणिले सात गुणिले सात, म्हणजे ३४३ धराव्या लागतात. १० च्या यादीत सहा असलेल्या जोडण्या दोन: ६-३-१ च्या सहाच्या बारा होतात आणि ६-२-२ च्या तीनच्या सहा, म्हणून २७ चे ३६ होतात. ११ च्या यादीतही सहा असलेल्या जोडण्या दोनच, पण ६-४-१ आणि ६-३-२ या दोन्हींत आकडे वेगळे असल्याने दोन्हींच्या बारा-बारा होतात आणि २७ चे ३९ होतात. ११ पुढे निघून जातो. पुरेशी दाने टाकून ११ सतत १० च्या पुढे राहत असेल, तर फासे झुकते आहेत असा संशय घ्यायला जागा आहे.

याच कसोटीतून सुटणारी एक लबाडीही आहे. फाशाच्या एक आणि सहा या समोरासमोरच्या बाजू थोड्या घासून तो चपटा केला, की एक आणि सहा दोन्ही जास्त वेळा पडू लागतात. खालचे आणि वरचे आकडे अदलाबदल केले तरी असा फासा तसाच राहतो, म्हणून १० आणि ११ ची बरोबरी कायम असते. एक आणि सहा इतरांच्या दुप्पट पडतात असे धरले तर दोघांच्याही वजनाची बेरीज ५१२ मध्ये ५४ येते, म्हणजे आठात एकाऐवजी जेमतेम साडेनवात एक. बरोबरी पाहून समाधान मानणारा इथे फसतो. अशा फाशाला पकडायचे तर ३ आणि १८ ही टोकाची दाने मोजावीत. खऱ्या फाशांवर ती प्रत्येकी २१६ मध्ये एकदा पडतात. चपट्या फाशांवर ६४ मध्ये एकदा.

तीन फाशांचा एक जुगार आजही चालतो, त्याला ‘सिक बो’ म्हणतात. मूळचा चीनमधला हा खेळ मकावच्या कसिनोंत विशेष खेळला जातो. काचेच्या घुमटाखाली तीन फासे हलवले जातात आणि बेरजेवर पैसे लावले जातात. १० चे दान आठात एकदा पडते, म्हणून न्याय्य मोबदला सातास एक, म्हणजे शंभर रुपये लावले तर जिंकल्यावर सातशे रुपये नफा, असा हवा. कसिनो देतात तो सहास एक. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी साडेबारा रुपये गेले. ९ चे दान त्याहून कमी वेळा पडते, तेव्हा त्यावर मोबदला जास्त असायला हवा. पण अनेक कसिनोंत ९, १०, ११ आणि १२ या चौघांनाही सरसकट सहास एक हाच भाव असतो. ९ किंवा १२ वर पैसे लावणाऱ्याचे शंभरामागे सरासरी एकोणीस रुपये जातात.